सर्वनाम टाळणारी वाक्यं

अंबरनाथ, ७ जुलै २०२४

प्रिय प्रीतीताई,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर आपण फक्त माझ्या आईच्या गुडघ्यांवर बोलतो, आणि ते बोलताना आई शेजारच्या खाटेवर बसून आपल्या गुडघ्यांची बाजू मांडत असते. जे सांगायचं आहे ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे. तुझं उत्तर माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठव.

माझ्या पीएचडीचं तुला माहीत आहे. उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात मालक आणि कामगार एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, तू म्हणतात की तुम्ही, यावर मी चार वर्षं काम करते आहे. सकाळी ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं, दुपारी रेकॉर्डर घेऊन झिपा आणि बटणांच्या दुकानात जाऊन बसायचं. माझे गाईड डॉ. पुष्कर सामंत. ते बदलापूरला राहतात. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत आणि म्हणून पहिल्या दिवसापासून मला "यशोधराताई" म्हणत आले. मी त्यांना सर म्हणते.

मागच्या शनिवारी ते माझं फील्डवर्क बघायला बाजारात आले होते. काम झाल्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला. बोलता बोलता त्यांनी मला नुसतं "यशोधरा" म्हटलं. ताई गळलं होतं. ते चुकून गळलं असावं असं मी ठरवत होते, तेवढ्यात सर म्हणाले, "इतकी वर्षं झाली, आता अहो-जाहो पुरे. मला तू म्हण. तू मोठी आहेस माझ्याहून."

मला फार बरं वाटलं. ताई, मी त्रेचाळीस वर्षांची आहे, हे काय आहे ते मला कळतं. तो मला आवडतो. कधीपासून, ते मी माझ्या डायरीत शोधलं. नक्की जागा सापडत नाही. पण गेल्या वर्षभराच्या नोंदींत त्याच्या शेऱ्यांबद्दल जितकं लिहिलंय तितकं प्रबंधाबद्दल नाही.

मी स्वतःला उलटसुलट विचारून पाहिलं. त्याचं लग्न झालेलं नाही, माझंही नाही. माझा पगार त्याच्याकडून येत नाही. वयानं मी मोठी. तो माझा साहेब नाही, मी विशीतली मुलगी नाही. मग यात अडचण कुठे आहे? तू स्वतः गाईड आहेस, म्हणून तुला विचारते. माझे बापू जाऊन आता सहा वर्षं झाली; लेकीनं पीएचडी करावी ही त्यांची इच्छा. घरातली पहिली डॉक्टर होणं एवढंच मला हवं होतं. त्यात हे दुसरं हवंसं वाटणं मी ठरवून आणलेलं नाही.

तुझी,
यशोधरा


लातूर, २० जुलै २०२४

प्रिय यशू,
जय भीम.

पत्र वाचलं आणि आधी हसले. तुझ्या पत्रात सुरुवातीला "सर म्हणाले", मग पानाच्या शेवटी "तो मला आवडतो". तुझा प्रबंध ज्या विषयावर आहे त्याचा पुरावा तू स्वतःच पुरवतेस. मावशीला कळलं तर गुडघे विसरून नाचेल. तिला तुझ्यासाठी नुसता माणूस हवा आहे, बाकी तपशील ती बघणार नाही.

आता हसणं बाजूला. पगार त्याच्याकडून येत नाही हे खरं. पण येतं काय, ते सांगते. मी प्राणिशास्त्रात चार विद्यार्थ्यांची गाईड आहे, त्यामुळे खुर्चीच्या या बाजूनं लिहिते. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे तुझा प्रगती अहवाल जातो. त्यावर "समाधानकारक" हा शब्द तो लिहितो. समितीतले बाकीचे दोघे तुझं काम वाचतात असं तुला वाटतं का? ते गाईडचा चेहरा वाचतात. सिनॉप्सिस कधी द्यायचा हे तो ठरवणार. प्रबंध तपासायला बाहेरचे परीक्षक कोण असावेत त्यांची नावं तो सुचवणार. सीनियर कॉलेजला जागा निघाली तर शिफारसपत्र कुणाचं लागेल? उद्या तुमचं बिनसलं, तर त्याला यातलं काहीही नाकारायचं नाही, नुसता उशीर करायचा. उशिराचं कारण कुणी विचारत नाही. मी स्वतः एका मुलाचं प्रकरण दिवाळीभर ठेवून घेतलं आणि त्यानं मलाच फराळ आणून दिला.

तेव्हा वय राहू दे. तो तुझा साहेब नाही असं तू लिहितेस, पण साहेब निदान बदली करतो. गाईड एकच असतो.

एक विचारते. त्याचे आणखी विद्यार्थी आहेत ना? त्यातल्या मुलींना तो काय म्हणतो? मला हा माणूस सरळ वाटत नाही. विद्यापीठात तक्रार समिती असते, लक्षात ठेव.

आणि दुसरं. त्यानं "तू म्हण" म्हटलं. तू म्हटलंस का?

प्रीती


अंबरनाथ, ११ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रीतीताई,

तक्रार समितीचं वाचून मला राग आला. पत्र दोन आठवडे तसंच ठेवलं. पुष्कर माझ्याशी एकही वावगा शब्द बोललेला नाही. तो मला कुठे बोलावत नाही, रात्री मेसेज करत नाही, हात लागला तर मागे घेतो. तू त्याला बघितलेलं नाहीस. तुझ्या यादीतलं सगळं खरं आहे, पण ते वाईट माणसाच्या हातात असेल तर. चांगल्या माणसाच्या हातात सही ही नुसती सही असते.

तू म्हटलंस का, या प्रश्नाचं उत्तर देते. नाही. तोंडातून येत नाही. सर म्हणायचं त्यानं बंद करायला लावलं, तेही जमत नाही. मग मी अशी वाक्यं करते की त्यात हे दोन्ही लागत नाहीत. "जेवलात का" नाही, "जेवलास का" नाही, तर "जेवण झालं?" "कधी यायचं ठरलं?" "अहवालाचं बघितलं गेलं का?" तो हसतो आणि म्हणतो, व्याकरणाच्या बाईंनी कर्ता गाळला.

आणि गंमत म्हणजे हेच माझं तिसरं प्रकरण आहे. ते तुला सांगते, कारण त्याचा मला अभिमान आहे. कॅम्प दोनमध्ये मुकेश यांचं झिपा-बटणांचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून सुदामकाका तिथे कामाला आहेत, बारवी धरणाकडच्या गावचे. मुकेशना त्यांनी लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलंय. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मुकेश त्यांना म्हणतात, "काका, तू मेरेको शेठ नको बोलू रे. तूने गोद में खिलाया है. नाव घे, तू बोल." काका हसतात आणि म्हणतात, "बरं. चहा सांगायचा का?" मुकेश म्हणतात, "बघा मॅडम, हे असं आहे. मेरे बाप को तू बोलता था, मेरेको नहीं बोलेगा."

तासन्‌तास ऐकलं तरी काकांच्या तोंडून मुकेशसाठी तू नाही, तुम्ही नाही, शेठसुद्धा क्वचित. "दुकान वाढवायचं का?" "तो माल खाली घ्यायचाय ना?" मी लिहिलं की ही जवळिकीची तिसरी जागा आहे. "तू"मध्ये वयाचा वरचष्मा, "तुम्ही"मध्ये नोकरीचा. या माणसानं दोन्ही टाळून मायेला जागा केली. पुष्करला हे प्रकरण फार आवडलं. समासात त्यानं लिहिलं, "उत्तम. यात हात लावू नये." दोन दिवसांत वाचून परत दिलं.

तेव्हा मी तू म्हणत नाही याचा अर्थ तुला वाटतो तसा भीतीचाच असेल असं नाही. तो मायेचाही असू शकतो. हे माझंच संशोधन सांगतं.

रागावून लिहिलंय, पण तुझीच,
यशोधरा


लातूर, १ सप्टेंबर २०२४

प्रिय यशू,

समितीचं मी घाईनं लिहिलं. माणसाला न बघता त्याला गुन्हेगार केलं, ते मागे घेते. पण ते दार कुठे आहे ते माहीत असू दे. कधी लागलं तर शोधत बसायला नको.

तो चांगला आहे असं धरून चालते. मग प्रश्न अवघड होतो, सोपा होत नाही. माझा एक विद्यार्थी आहे, धर्मेश. मी विनोद केला की तो हसतो. मला कितीतरी दिवस वाटत होतं की मी विनोदी आहे. एकदा माझ्या नवऱ्यासमोर मी तोच विनोद केला. तो म्हणाला, "हा तू तिसऱ्यांदा सांगतेस." धर्मेश तिन्ही वेळा हसला होता. तो लबाड नाही, यशू. त्याला स्वतःलाही कळत नसेल की तो का हसतो. पण मला तर मुळीच कळू शकत नाही. माझ्या हातात त्याचा अहवाल असेपर्यंत त्याचं हसणं मला मोजता येणार नाही.

पुष्करचं तेच. तू उद्या त्याला हो म्हणालीस तर ते हो कशाचं आहे हे त्याला कधी कळणार नाही. आणि त्यानं तुझ्या प्रकरणावर "उत्तम" लिहिलं, ते कशाला उद्देशून आहे हे तुला तरी कळणार आहे का? मी भाषाशास्त्रातली नाही. पण जो माणूस मालकाला तू म्हणत नाही, त्याची सुट्टी कोण मंजूर करतं, एवढं मी विचारलं असतं. तुझ्या प्रकरणात हे आहे का?

रागावलीस तरी चालेल. लिहीत जा.

प्रीती


अंबरनाथ, ६ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

या पत्राला उशीर झाला, कारण मध्ये बरंच घडलं.

सप्टेंबरमध्ये सुदामकाकांच्या गावी रेकॉर्डिंगला गेले होते. घरच्यांशी ते कसे बोलतात ते हवं होतं. पुष्कर म्हणाला, मीही येतो, गाडी आहे. काकांच्या घरी आम्हाला तांदळाची भाकरी वाढली. काकांच्या बायकोनं, बनूबाईंनी, मला विचारलं, "ह्ये तुमचं मालक का?" मराठीत या शब्दाचे दोन अर्थ होतात. मी म्हणाले, "नाही, सर आहेत." त्या म्हणाल्या, "म्हंजे तेच की," आणि भाकरी थापत राहिल्या. पुष्कर मोठ्यानं हसला. मीही हसले. नंतर धर्मेश आठवला.

परत येताना धरणाच्या रस्त्यावर त्यानं गाडी थांबवली. म्हणाला, "तुला कळलंच असेल. मला तू आवडतेस. काही मागत नाही, सांगितलं फक्त." मग आम्ही उतरून पाण्याकडे बघत उभे राहिलो. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते माझ्यासमोर होतं, आणि मी काय विचार करत होते सांगू? आता नाही म्हटलं तर बदलापूरपर्यंत गाडीत काय बोलायचं. आणि मार्चमध्ये सिनॉप्सिस आहे. हे दोन्ही विचार मला हो म्हणायचं असतानाही आले. मी म्हणाले, "विचार करायला वेळ मिळेल का?" ऐकतेस ना, त्यातही कर्ता नाही. त्यानं अर्थातच हो म्हटलं. पुढे गाडी चालवताना तो परीक्षकांच्या नावांबद्दल बोलू लागला. सहज. विषय बदलावा म्हणून, माझा संकोच जावा म्हणून. मी प्रत्येक नावाला मान डोलावत गेले.

दुसरी गोष्ट. त्याच्याकडे राजसी म्हणून एक मुलगी आहे, सव्वीस वर्षांची, फेलोशिपवर. तुझा प्रश्न होता ना, तो मुलींना काय म्हणतो. तिला तो राजसी म्हणतो आणि तुम्ही म्हणतो, काही वेडंवाकडं नाही. पण परवा विभागात पाणी भरताना ती मला म्हणाली, "मॅडम, तुमचं भारी आहे. तुमचा चॅप्टर सर दोन दिवसांत देतात. मेरा तो उन्हाळ्यापासून पडलाय. काय टाकता चॅप्टरमध्ये, आम्हालापण सांगा." ती हसत बोलली. फेलोशिपच्या पुढच्या टप्प्याला तिला त्याचा अहवाल लागतो. मी त्या दोन दिवसांकडे माझ्या कामाची पावती म्हणून बघत होते. ते तिच्या रांगेतून आले होते.

मग मी घरी येऊन रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. या वेळी फक्त एवढंच टिपलं की काका अशी वाक्यं नेमकी कधी करतात. पुतणीच्या लग्नाची सुट्टी हवी होती तेव्हा. उचल हवी होती तेव्हा. माल चुकीचा आला आणि चूक मुकेशची होती तेव्हा तर सर्वांत जास्त. निवांत गप्पांत, जिथे काही अडलेलं नसतं, तिथे ती वाक्यं विरळ होतात. आणि मुकेशच्या वडिलांना काका तू म्हणत होते हे मुकेशनंच सांगितलं होतं. ते दोघं एकाच वयाचे, एकत्र हमाली केलेले. दुकान नंतर झालं. मी ते वाक्य प्रकरणात घेतलं होतं, पण त्याचा विचार केला नव्हता.

आणखी आहे. कमलेश म्हणून एक जण त्याच दुकानात कामाला होता. तोही मुकेशशी असंच बिनकर्त्याचं बोलायचा, माझ्याकडे रेकॉर्ड आहे. नोकरी सोडून त्यानं त्याच गल्लीत लेस आणि हुकांचा गाळा टाकला. त्यानंतर एका दुपारी तो झिपा घ्यायला आला आणि दारातूनच म्हणाला, "काय मुक्या, तू अजून जुन्याच भावात बसलायस का?" मुकेश म्हणाले, "आला साईं, आला. बैठ." साईं हे सिंधीतलं मानाचं संबोधन. हे मी लिहिलं होतं. पुष्कर म्हणाला, हा अपवाद आहे, मुद्द्याचा ओघ तुटतो, तळटीपेत टाक. मी टाकलं. आनंदानं टाकलं.

तो हुशार माणूस आहे, ताई. दुसऱ्या कुणाच्या प्रकरणात त्यानं हे तळटीपेत जाऊ दिलं नसतं. राजसीचा कागद तर तो लाल करून टाकतो.

आता मला कळत नाही की मला त्याची जास्त भीती वाटते की प्रबंधाची. तो मला आवडतो हे अजून खरं आहे. तेवढ्यानं काही सुटत नाही.

यशोधरा


लातूर, १९ ऑक्टोबर २०२४

प्रिय यशू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सल्ला द्यायचा मोह आवरते, पण माहिती देते. ती उपयोगी पडेल.

गाईड बदलता येतो. आमच्याकडे असं आहे, तुमच्याकडे थोडा फरक असेल, बघून घे. तू संशोधन केंद्रामार्फत अर्ज करायचा. जुन्या गाईडची ना-हरकत लागते. नव्या गाईडचं संमतिपत्र लागतं, आणि त्याच्याकडे जागा रिकामी हवी, कारण प्रत्येकाला किती विद्यार्थी घेता येतात याला मर्यादा असते. मग सल्लागार समिती शिफारस करते. विषय थोडा हलला तर मुदतवाढ मागावी लागते. कारण म्हणून "शैक्षणिक" एवढं लिहिलं तरी चालतं. ते खोटंही नाही. तुझं तिसरं प्रकरण हे शैक्षणिक कारणच आहे.

अवघड जागा एकच आहे, ती तुला दिसली असेल. ज्याच्यापासून सुटायचं त्याचीच सही लागते. ती त्यानं अडवली तर विभागप्रमुखांकडे जायचं, आणि तिथे अडलं तर मी मागे लिहिलं ते दार आहे. पण आधी त्याला सांग.

हे खरं तर त्यानं करायला हवं होतं. रस्त्यावर गाडी थांबवण्याआधी. आवडण्यावर कुणाचा इलाज नाही, पण ज्याच्या हातात सही आहे त्यानं आधी सही खाली ठेवायची असते. खालच्या माणसानं ती काढून घ्यायला जायचं, हे उलटं आहे आणि महागात तुलाच पडणार. वर्ष जाईल. पण तू पुढे जे ठरवशील, ते तुझं असेल.

मावशीला काही कळू देत नाही. ती कालच फोनवर विचारत होती, यशू रात्री रेकॉर्डरवर कुणा पुरुषाचे आवाज ऐकते. मी म्हटलं, झिपावाल्याचे.

प्रीती


अंबरनाथ, १५ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

सांगितलं. त्याच्या केबिनमध्ये, दार उघडं ठेवून, दुपारी. आधी काय बोलायचं ते डायरीत लिहून काढलं होतं, त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही.

मी म्हणाले, "मला गाईड बदलायचा आहे."

त्याला आधी वाटलं की मी थट्टा करते. मग म्हणाला, "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं?"

"नाही. म्हणून तर सांगता आलं."

"मग?"

"तिसरं प्रकरण चुकलंय. आपल्या दोघांनाही दिसलं नाही."

"कुठे चुकलंय? दाखव."

मी कमलेशची तळटीप दाखवली, मग सुट्टीची आणि उचलीची ठिकाणं. तो वाचत गेला. हुशार माणूस आहे, पान संपायच्या आधी त्याला कळलं. पान त्यानं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "ठीक आहे, हे दुरुस्त करू. त्यासाठी गाईड कशाला बदलायचा? आता बदललास तर वर्ष जाईल. सिनॉप्सिस मार्चमध्ये होणार नाही. नव्या माणसाला विषय पटेल की नाही, सांगता येत नाही."

मी कागद गोळा करायला लागले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी हे सहज सांगितलं, यशोधरा. धमकी नाही."

"माहीत आहे. पण मला ते सहज ऐकता येत नाही."

त्यानंतर त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं तो रागावेल. त्यानं विचारलं, "धरणावरही असंच होतं?" मी म्हटलं हो. म्हणाला, "मला वाटलं तू लाजतेस." मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही आवरलं. मग तो म्हणाला, "राजसीचं प्रकरणही इथंच पडलंय," आणि कपाटाकडे बघत राहिला. तो विषय मी काढला नव्हता.

अर्ज मी त्याच्या टेबलावर ठेवून आले. सही लगेच झाली नाही. पुढचे नऊ-दहा दिवस मी फार वाईट काढले. तो अडवणार नाही याची मला खात्री होती, आणि तरी पोर्शन शिकवताना मुलं प्रश्न विचारत होती ते मला ऐकू येत नव्हते. बापूंची एकच इच्छा, माझी चार वर्षं, आणि ते सगळं एका माणसाच्या मनःस्थितीवर थांबलेलं. तो दुखावलेला असणार. दुखावायचा त्याला हक्क आहे. पण त्याच्या दुखण्याचा काळ माझ्या अर्जाचा काळ होऊन बसला होता. हे तुझ्या पहिल्या पत्रात तू एका ओळीत लिहिलं होतंस, आणि मी त्यावर रागावले होते.

सही झाली. विभागप्रमुखांनाही त्यानं स्वतः जाऊन सांगितलं की मी तिचं मार्गदर्शन करणं आता योग्य नाही, कारण खासगी आहे, तिचा दोष नाही. त्यामुळे विभागात दोन दिवस कुजबुज झाली. राजसी येऊन म्हणाली, "मॅडम, माझा चॅप्टर आला. पूरा लाल." मग जरा थांबून, "तुम्ही ठीक आहात ना?" पोरगी चांगली आहे.

नव्या गाईड डॉ. बागूल मॅडम. निवृत्तीला तीन वर्षं आहेत, एक जागा रिकामी होती. पहिल्या भेटीत त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही.

यशोधरा


लातूर, ५ जानेवारी २०२५

प्रिय यशू,

नववर्षाच्या शुभेच्छा. मावशीला मी सांगितलंय की गाईड बदलला कारण जुना फार घाईचा होता. ती म्हणाली, बरं केलं, माणूस सबुरीचा हवा.

मी धर्मेशला परवा म्हटलं की माझ्या विनोदावर हसलास तर प्रकरण उशिरा देईन. तो हसला. काय करणार.

एक विचारायचं राहिलं. डिग्री झाल्यावर काय? तेव्हा त्याच्या हातात काही नसेल.

प्रीती


अंबरनाथ, २० एप्रिल २०२५

प्रिय ताई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि नसणं मला पहिल्यांदाच बरं वाटतंय. त्याचा एक मेसेज आला होता, प्रकृतीची चौकशी. मी लिहिलं, व्हायवा होईपर्यंत बोलायला नको. त्यानं "बरोबर आहे" एवढंच पाठवलं. तो मला आवडतो की नाही, असं मी स्वतःला अधूनमधून विचारते. आवडतो. पण त्या आवडण्यातून त्याचे शेरे, त्याची सही, त्यानं दिलेला वेळ वजा केला तर किती उरतं, ते मला आता मोजता येईल असं वाटतं. घाई नाही. कदाचित उरलेलं पुरेसं असेल. कदाचित तोच दुसरीकडे गेला असेल. दोन्ही सोसण्यासारखं आहे.

मार्चमध्ये सल्लागार समिती झाली. बागूल मॅडमनी अहवालात "समाधानकारक" लिहिलं नाही, "काम पुन्हा करणे आवश्यक" असं लिहिलं. मुदतवाढ मागावी लागली. सीनियर कॉलेजची जागा यंदा माझ्या हातून गेली, त्यासाठी मी एक संध्याकाळ रडले. आईला वाटलं गुडघ्यांची औषधं महाग झाली म्हणून.

तिसरं प्रकरण मॅडमनी परत पाठवलं. पानापानावर पेन्सिल आहे. "हे कशावरून?" "माया मोजली कशी?" "मालकाच्या दुकानात बसून मालकाची बाजू घेतली आहे." मी खुर्ची सरकवून एकेक शेरा नीट वाचत गेले. त्यातला एकही माझ्यासाठी लिहिलेला नव्हता. सगळे त्या पानासाठी होते.

शेवटच्या पानावर समासात त्यांनी विचारलंय, "हे प्रकरण याआधी कुणी वाचलं होतं का?"

दोन दिवस मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. काल त्याखाली लिहिलं, हो, पण त्यांना ते वाचता येण्यासारखं नव्हतं, आणि मीही ते वाचावं म्हणून नाही, आवडावं म्हणून दिलं होतं. मग खोडरबरनं ते पुसलं आणि लिहिलं, "पुन्हा लिहिते."

तुझी,
यशोधरा